डिफ्लेशन: पहिली आयगेनजोडी काढून पुढची शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सममित मॅट्रिक्सची सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू पॉवर इटरेशनने काढणे सोपे असते. अडचण दुसरीपासून सुरू होते. इथले प्रश्न त्या दुसऱ्या जोडीबद्दलचे आहेत, आणि त्यातही पहिल्या जोडीतली चूक दुसरीत कशी आणि किती शिरते, याबद्दलचे. पाठ्यपुस्तकात डिफ्लेशनचे सूत्र एका ओळीत येते आणि उदाहरणात पहिला व्हेक्टर नेहमी अचूक असतो. प्रत्यक्षात तो कधीच अचूक नसतो. म्हणून या एका गोष्टीवर इथे जास्त वेळ दिला आहे.

डिफ्लेशन म्हणजे नेमके काय करायचे?

सममित मॅट्रिक्स A चे आयगेनव्हेक्टर परस्परांना लंब निवडता येतात. प्रत्येकाची लांबी १ केली, तर A ची अशी फोड होते:

```
A = λ1·u1·u1ᵀ + λ2·u2·u2ᵀ + ... + λn·un·unᵀ
```

पॉवर इटरेशनने आपल्याला λ1 आणि u1 मिळाले, की या बेरजेतले पहिले पद वजा करायचे: `B = A - λ1·u1·u1ᵀ`. आता B ला u1 ने गुणले तर शून्य येते, कारण A u1 मधून नेमके λ1 u1 वजा होते. u2 ने गुणले तर मात्र पूर्वीसारखेच λ2 u2 येते, कारण u1 आणि u2 लंब असल्याने वजा केलेल्या पदाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. थोडक्यात, सगळे आयगेनव्हेक्टर जागच्या जागी राहतात आणि फक्त पहिल्याची आयगेनव्हॅल्यू λ1 ऐवजी ० होते. B वर पुन्हा पॉवर इटरेशन चालवले की उरलेल्यांत जी सगळ्यात मोठी, ती वर येते.

या पद्धतीला हॉटेलिंगचे डिफ्लेशन म्हणतात. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ साली प्रिन्सिपल कंपोनंट एकामागून एक काढण्यासाठी ती मांडली.

हाताने करून बघता येईल असे उदाहरण द्याल का?

हा मॅट्रिक्स घ्या. त्याच्या आयगेनव्हॅल्यू ९, ६ आणि ३ आहेत. व्हेक्टर अनुक्रमे `(2, -2, 1)`, `(2, 1, -2)` आणि `(1, 2, 2)` यांच्या दिशेने आहेत आणि तिघांचीही लांबी ३ आहे.

```
A =  7  -2   0
    -2   6  -2
     0  -2   5
```

`(1, 0, 0)` पासून सुरुवात करून A ने गुणत जा: `(7, -2, 0)`, मग `(53, -26, 4)`, मग `(423, -270, 72)`, मग `(3501, -2610, 900)`. चौथ्या पायरीला पहिला घटक १ धरला, तर बाकीचे −०.७४६ आणि ०.२५७ येतात. जायचे आहे −१ आणि ०.५ कडे. म्हणजे अजून बरेच अंतर आहे. दर पायरीला u2 चा अंश ६/९ पटीने, म्हणजे दोन तृतीयांश होत जातो. हा वेग काही फार नाही.

समजा, इटरेशन पूर्ण झाले आणि अचूक u1 मिळाला. `u1 = (2, -2, 1)/3`, त्यामुळे λ1 मधला ९ आणि छेदातला ९ एकमेकांना काटतात आणि वजा करायचा मॅट्रिक्स पूर्णांकांत येतो:

```
λ1·u1·u1ᵀ =  4  -4   2        B =  3   2  -2
            -4   4  -2             2   2   0
             2  -2   1            -2   0   4
```

आता B घेऊन पुन्हा `(1, 0, 0)` पासून निघा: `(3, 2, -2)`, `(17, 10, -14)`, `(99, 54, -90)`. तिसऱ्याच पायरीला पहिला घटक २ धरला तर दुसरा १.०९ आणि तिसरा −१.८२ येतो. `(2, 1, -2)` डोळ्यांसमोर दिसू लागतो. या वेळी गुणोत्तर ३/६ असल्याने काम लवकर आटोपते. दुसरी जोडी पहिलीपेक्षा हळूच मिळेल, असे गृहीत धरू नका. वेग ठरतो तो त्या क्षणी उरलेल्या पहिल्या दोघींच्या गुणोत्तरावर.

डिफ्लेशन बरोबर झाले का, हे पुढे जाण्याआधी कसे तपासायचे?

दोन आकडे पुरतात. पहिला आकडा कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेचा. ती λ1 ने कमी झाली पाहिजे. वरच्या उदाहरणात ती १८ वरून ९ झाली. दुसरा, सगळ्या घटकांच्या वर्गांची बेरीज, जी λ1² ने कमी व्हायला हवी: A मध्ये ती १२६ आहे, B मध्ये ४५, आणि फरक ८१. सर्वांत थेट कसोटी अर्थातच B u1 काढून तो शून्याच्या जवळ आहे का हे पाहणे. तीनही तपासण्या मिळून दोन-तीन ओळींचा कोड होतो. माझ्या कोडमध्ये त्या कायम असतात.

डिफ्लेशननंतर तोच व्हेक्टर पुन्हा आला, आणि आयगेनव्हॅल्यू ऋण आली. असे का?

जवळजवळ नक्कीच व्हेक्टरची लांबी १ केलेली नाही. मी स्वतः या चुकीत एक आख्खी संध्याकाळ घालवली आहे. माझ्या पॉवर इटरेशनमध्ये दर पायरीला सगळ्यात मोठा घटक १ होईल असे भागले जात होते. इटरेशनपुरते ते अगदी योग्य आहे, आकडे आटोक्यात राहतात. पण मग तोच व्हेक्टर मी तसाच वजाबाकीत वापरला.

वरच्या उदाहरणात बघा. त्या पद्धतीने मिळतो `v = (1, -1, 0.5)` आणि त्याच्या लांबीचा वर्ग २.२५. `A - 9·v·vᵀ` केले, तर u1 च्या दिशेला उरते `9·(1 - 2.25)`, म्हणजे −११.२५. निरपेक्ष किंमत पाहिली तर हीच आता सगळ्यांत मोठी आहे, ६ पेक्षाही. म्हणून पॉवर इटरेशन इमानेइतबारे पुन्हा त्याच दिशेला जाते. आपण डोंगर सपाट करायला गेलो आणि त्याच जागी त्याहून खोल खड्डा केला. `(2, -2, 1)` तसाच वापरला असता, तर −७२ मिळाले असते.

ही खूण लक्षात ठेवा: तीच दिशा, उलटे चिन्ह, आणि किंमत `λ1·(1 - ‖v‖²)`. वजाबाकीच्या आधी व्हेक्टरला त्याच्या लांबीने भागा. व्हेक्टर u1 आला की −u1, याने मात्र काही बिघडत नाही, कारण गुणाकारात उणे चिन्ह दोनदा येते.

पहिली जोडी किती अचूक हवी? आयगेनव्हॅल्यू तीन दशांशांपर्यंत स्थिर झाली की थांबू का?

नाही. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सममित मॅट्रिक्समध्ये आयगेनव्हॅल्यूचा अंदाज आपण `xᵀ A x` ने करतो, x ची लांबी १ ठेवून. या अंदाजातली चूक व्हेक्टरमधल्या चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ऐकायला हे वरदान वाटते, आणि फक्त आयगेनव्हॅल्यू हवी असेल तर ते खरेच वरदान आहे. पण डिफ्लेशनला व्हेक्टर लागतो. आयगेनव्हॅल्यूकडे पाहून थांबणारा माणूस व्हेक्टर अर्धाकच्चा असतानाच थांबतो.

आपल्या उदाहरणात `(1, 0, 0)` पासून दहा पायऱ्या केल्या, तर आयगेनव्हॅल्यू ८.९९९१ दिसते. चूक हजारातल्या एका भागापेक्षाही कमी, मन समाधानी. त्याच क्षणी व्हेक्टरमध्ये u2 चा अंश (२/३)¹⁰, म्हणजे ०.०१७३ आहे. व्हेक्टरमधली चूक आयगेनव्हॅल्यूतल्या चुकीच्या जवळपास वीसपट!

बघायचा तो अवशेष: `r = A x - λ x` याची लांबी. तो व्हेक्टरमधल्या चुकीच्या प्रमाणात घटतो, तिच्या वर्गाच्या नाही. वरच्या दहाव्या पायरीला तो ०.०५२ आहे. याला पहिल्या दोन आयगेनव्हॅल्यूंमधल्या अंतराने, म्हणजे ३ ने भागले, की ०.०१७३ परत मिळतात. अंतर आधी माहीत नसते हे खरे, पण अंदाज असला तरी व्हेक्टर कुठवर आला आहे हे कळते.

समजा, मी दहाव्या पायरीला थांबून डिफ्लेशन केलेच. दुसऱ्या जोडीचे काय होईल?

पहिल्या व्हेक्टरमध्ये u2 चा ०.०१७३ इतका अंश राहिला आहे. डिफ्लेशन करून B वर इटरेशन अगदी शेवटपर्यंत चालवले, तर दुसरी आयगेनव्हॅल्यू ६.००१४ येते आणि दुसऱ्या व्हेक्टरमध्ये u1 चा अंश ०.०२६ निघतो. ०.०१७३ चे ०.०२६ झाले, म्हणजे दीडपट. हा दीड कुठून आला? ९/६ मधून.

हे योगायोगाने झालेले नाही. चूक लहान असेल तर नियम असा आहे: पहिल्या व्हेक्टरमध्ये u2 चा अंश ε असेल, तर हॉटेलिंगच्या वजाबाकीनंतर दुसऱ्या व्हेक्टरमध्ये u1 चा अंश `ε·λ1/λ2` होतो. कारण असे की वजाबाकीत चुकीचे जे पद शिरते त्याचा आकार λ1·ε असतो, म्हणजे मोठ्या आयगेनव्हॅल्यूच्या पटीत. ज्या जागेत ते शिरते तिथे मात्र आता ० आणि λ2 यांच्यातच काय ते अंतर उरलेले असते. मोठ्याची चूक लहानाच्या घरात जाते, आणि तिथे तिचे वजन वाढते.

दीडपट म्हणजे काही मोठे संकट नाही. म्हणूनच पाठ्यपुस्तकातल्या गोड उदाहरणांत हा दोष कधी दिसत नाही.

मग तो खरोखर नडतो कधी?

λ1 बाकीच्यांपेक्षा प्रचंड मोठी असते तेव्हा. विदेतून सरासरी वजा न करताच `XᵀX` घेतला, की हटकून असेच होते: पहिला आयगेनव्हेक्टर सरासरीच्या दिशेने धावतो आणि त्याची आयगेनव्हॅल्यू इतरांच्या शेकडो पट होऊन बसते.

२×२ चे उदाहरण पुरेल. A च्या कर्णावर १००० आणि १, बाकी शून्य. खरे व्हेक्टर `(1, 0)` आणि `(0, 1)`. समजा इटरेशन थांबले तेव्हा व्हेक्टर `(1, 0.001)` या दिशेला होता. आयगेनव्हॅल्यूचा अंदाज ९९९.९९९ येतो. हा आकडा पाहून कोणीही थांबेल. आता वजाबाकी करा:

```
B ≈  0.002  -1.000
    -1.000   0.999
```

खरे तर B मध्ये ०, ०, ०, १ असायला हवे होते. त्याऐवजी कर्णाबाहेर −१ येऊन बसला, कारण १००० गुणिले ०.००१ म्हणजे १, आणि तो λ2 च्याच तोडीचा आहे. या B च्या आयगेनव्हॅल्यू येतात १.६१८ आणि −०.६१७. खरे उत्तर १ होते. पहिल्या आकड्यात दशलक्षातल्या एका भागाएवढी चूक असताना दुसरा आकडा ६२ टक्क्यांनी चुकला.

त्या −०.६१७ कडेही नीट पाहा. मूळ मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू धन होत्या. कोव्हेरियन्स मॅट्रिक्सवर काम करताना चौथी-पाचवी आयगेनव्हॅल्यू ऋण आली, तर मॅट्रिक्समध्ये काही गूढ शोधत बसू नका. आधीचा कुठला तरी व्हेक्टर कच्चा राहिला आहे.

यावर उपाय काय? इटरेशन आणखी चालवणे, एवढाच?

तो आहेच, आणि λ1 मोठी असेल तेव्हा तो स्वस्तही पडतो: वरच्या १०००:१ च्या उदाहरणात दर पायरीला तीन दशांश स्थाने मिळतात, म्हणजे आणखी तीन पायऱ्या पुरल्या असत्या. पण मला दुसरा उपाय जास्त विश्वासाचा वाटतो. वजाबाकी करण्याऐवजी प्रत्येक पायरीला नव्या व्हेक्टरमधून पहिल्या व्हेक्टरचा अंश काढून टाकायचा. म्हणजे `P = I - u·uᵀ` घेऊन `P A P` वर इटरेशन चालवायचे. याला प्रोजेक्शनने केलेले डिफ्लेशन म्हणता येईल.

u1 अचूक असेल तर दोन्ही पद्धतींत काही फरक नाही, `P A P` आणि `A - λ1·u1·u1ᵀ` हे एकच मॅट्रिक्स आहेत. फरक पडतो तो u कच्चा असताना. प्रोजेक्शनमध्ये λ1 ने गुणणे कुठेच येत नाही, त्यामुळे दुसऱ्या व्हेक्टरमधली चूक ε एवढीच राहते, λ1/λ2 पट होत नाही. वरच्या २×२ उदाहरणात प्रोजेक्शन केले तर दुसरी आयगेनव्हॅल्यू १.००१ येते. तोच कच्चा व्हेक्टर, आणि १.६१८ ऐवजी १.००१. एका ओळीच्या बदलासाठी एवढा फायदा क्वचितच मिळतो.

कोडमध्ये हे कसे लिहायचे?

आतापर्यंत मिळालेले व्हेक्टर U च्या स्तंभांत ठेवा. सुरुवातीला U मध्ये एकही स्तंभ नसतो, तरी हेच फंक्शन चालते.

```python
import numpy as np

def next_pair(A, U, tol=1e-10, kmax=5000):
    x = np.random.default_rng().standard_normal(A.shape[0])
    x -= U @ (U.T @ x)
    x /= np.linalg.norm(x)
    for k in range(kmax):
        y = A @ x
        y -= U @ (U.T @ y)
        mu = x @ y
        if np.linalg.norm(y - mu * x) < tol * abs(mu):
            break
        x = y / np.linalg.norm(y)
    return mu, x
```

सुरुवात `U = np.zeros((n, 0))` ने करा आणि दर वेळी मिळालेला x `np.column_stack([U, x])` ने जोडत जा.

यातली थांबण्याची कसोटी प्रोजेक्शन केलेल्या मॅट्रिक्ससाठी आहे, हे विसरू नका. U मधले व्हेक्टर कच्चे असले तरी ती कसोटी खुशाल पूर्ण होते. म्हणून शेवटी मूळ A घेऊन `A @ x - mu * x` ची लांबी वेगळी काढा. आपल्या ३×३ उदाहरणात पहिला व्हेक्टर दहाव्या पायरीचाच ठेवला, तर आतली कसोटी शून्यापर्यंत जाते, पण मूळ A वरचा अवशेष ०.०५२ वर अडून बसतो आणि कितीही पायऱ्या केल्या तरी हलत नाही. दुसरी जोडी चुकली की पहिलीची चूक दुसरीत आली, हे त्या अडून बसलेल्या आकड्यावरून कळते.

सुरुवातीचा व्हेक्टर एकदाच u1 ला लंब करून पुढे नुसता A ने गुणत गेलो, तर चालणार नाही का?

कागदावर चालते. अचूक अंकगणितात u1 चा अंश शून्य असेल तर तो शून्यच राहील. पण मशीनमध्ये पूर्णांककरणाने १०⁻¹⁶ च्या आसपास काही तरी उरते, आणि दर पायरीला ते u2 च्या तुलनेत λ1/λ2 पटीने वाढते. आपल्या उदाहरणात १.५ पटीने. साधारण ९० पायऱ्यांत u1 पुन्हा u2 च्या बरोबरीला येतो, आणि मग त्याला मागे टाकतो.

u1 अचूक असण्याचे हे गणित झाले. दहाव्या पायरीचा कच्चा व्हेक्टर वापरला असेल, तर सुरुवात ०.०१७ पासून होते आणि दहाच पायऱ्यांत u1 परत येतो. आकडे छापत बसलात तर दिसते कसे? आयगेनव्हॅल्यूचा अंदाज ६ कडे जाता जाता थबकतो आणि मग हळूहळू ९ कडे चढू लागतो. असा चढ दिसला की लंब करण्याची ओळ लूपच्या बाहेर राहिली आहे, असे समजा.

मॅट्रिक्स खूप मोठा आणि विरळ आहे. वजाबाकी केली तर तो भरून जाणार नाही का?

जाईल, म्हणूनच वजाबाकी प्रत्यक्ष कधी करायची नाही. `u·uᵀ` हा पूर्ण भरलेला मॅट्रिक्स असतो. n एक लाख असेल तर त्यात हजार कोटी घटक, म्हणजे डबल प्रिसिजनमध्ये ८० जीबी. मूळ A मध्ये दर ओळीला कदाचित पाच-दहाच संख्या असतील.

त्याऐवजी `B x = A x - λ1·u1·(u1ᵀ x)` हे कंसाप्रमाणे मोजा: आधी `u1ᵀ x` हा एक आकडा, मग त्याने u1 ला गुणून वजाबाकी. एका व्हेक्टरमागे खर्च फक्त n च्या पटीत. वरच्या कोडमध्ये प्रोजेक्शनही असेच लिहिले आहे, कंस कुठे आहेत ते पाहा. `(U @ U.T) @ y` असे लिहिले तर गणित तेच, पण मेमरी संपेल.

B वर इटरेशन सुरू करताना NaN येते.

सुरुवातीचा व्हेक्टर म्हणून आधीचाच u1 दिला असणार. B u1 शून्य असतो, आणि शून्याच्या लांबीने भागले की NaN. u1 थोडा कच्चा असेल तर NaN येत नाही, नुसता गोंगाट मोठा होऊन समोर येतो, आणि ते जास्त वाईट. दर वेळी नवा यादृच्छिक व्हेक्टर घ्या.

दोन आयगेनव्हॅल्यू समान किंवा अगदी जवळ असतील तर?

समान असतील तर काळजी नको. पॉवर इटरेशन त्या दोघींच्या प्रतलातला कुठला तरी एक व्हेक्टर देते, कुठला ते सुरुवातीवर अवलंबून. तो काढला की पुढच्या फेरीत त्याला लंब असलेला दुसरा मिळतो. दोन वेगवेगळ्या वेळी चालवून व्हेक्टर वेगळे आले, तर ती चूक नाही.

अगदी जवळ असतील, समजा ९ आणि ८.९, तर इटरेशन रखडते आणि पहिला व्हेक्टर कच्चा राहण्याची शक्यता वाढते. पण इथे एक दिलासा आहे: λ1/λ2 जवळजवळ १ असल्याने चूक पुढे वाढत नाही. दोन्ही व्हेक्टर प्रतलात थोडे फिरलेले असतात, प्रतल मात्र बरोबर असते. तिसऱ्या जोडीला याचा फारसा त्रास होत नाही.

खरा अडथळा λ1 आणि −λ1 दोन्ही असतात तेव्हा. पॉवर इटरेशन निरपेक्ष किंमतच बघते, म्हणून व्हेक्टर दोन दिशांमध्ये हेलकावे खात राहतो आणि स्थिरावत नाही. तेव्हा `A + cI` घेऊन सगळ्या आयगेनव्हॅल्यू c ने सरकवतात. पण डिफ्लेशन आधी केले असेल तर जपून: u1 ची जागा ० होती, ती सरकून c होते. आयगेनव्हॅल्यू ५, −१, −४ असतील, ५ काढली आणि मग c = ५ ने सरकवले, तर u1 ला ५, बाकीच्यांना ४ आणि १ मिळतात. आपण काढलेली जोडीच पुन्हा पहिल्या नंबरावर! प्रत्येक पायरीला प्रोजेक्शन करणाऱ्याला हा त्रास होत नाही.

सममित नसलेल्या मॅट्रिक्ससाठी हेच सूत्र वापरू का?

वापरू नका. तिथे आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब नसतात, त्यामुळे `u1·u1ᵀ` वजा केल्यावर बाकीचे व्हेक्टर जागेवर राहत नाहीत. तिथे डाव्या बाजूचा आयगेनव्हेक्टरही काढावा लागतो, किंवा व्हीलान्टचे डिफ्लेशन वापरून व्हेक्टर नंतर दुरुस्त करावे लागतात. तो वेगळा विषय आहे.

अशा किती जोड्या काढाव्यात?

दोन, तीन, पाच. त्यापुढे प्रत्येक जोडी आधीच्या सगळ्यांच्या चुका सोबत घेते, आणि पॉवर इटरेशनचा वेगही बेभरवशाचा. मॅट्रिक्स मेमरीत मावत असेल तर `numpy.linalg.eigh` सगळ्या जोड्या एकदम देतो. मोठ्या विरळ मॅट्रिक्सच्या वीस-तीस जोड्या हव्या असतील तर लांचोस पद्धत घ्या, सायपायमध्ये ती `scipy.sparse.linalg.eigsh` मधून मिळते.

मिळालेल्या जोड्या शेवटी सुधारता येतात का?

येतात, आणि हे काम फारच थोडे लोक करतात. समजा प्रोजेक्शनने m व्हेक्टर मिळाले, ते V च्या स्तंभांत आहेत. `H = Vᵀ A V` हा m×m चा इवलासा मॅट्रिक्स बनवा, त्याचे आयगेनव्हेक्टर `eigh` ने काढून W मध्ये ठेवा, आणि `V @ W` हे नवे व्हेक्टर घ्या. याला रॅले–रिट्झ म्हणतात.

आपल्या उदाहरणात दहाव्या पायरीचा कच्चा पहिला व्हेक्टर आणि त्याला लंब असलेला दुसरा घेतला, तर H असा येतो:

```
H ≈  8.9991  -0.0520
    -0.0520   6.0009
```

कर्णाबाहेरचा ०.०५२ म्हणजे मघाशी अडून बसलेला अवशेषच. दोन व्हेक्टर आपापसांत किती मिसळले आहेत, हे तोच सांगतो. या २×२ च्या आयगेनव्हॅल्यू काढा: बेरीज १५.००००, आणि गुणाकार ५४.००३ मधून ०.००३ वजा जाऊन ५४. म्हणजे ९ आणि ६.